आकडा आपणच ठरवायचा
आयएसओ २७००१ आणि निस्टची सायबरसुरक्षा चौकट : लहान कंपनीसाठी एक प्रस्तावना

लहान सॉफ्टवेअर कंपनीत माहिती-सुरक्षेचे काम बहुधा एखाद्या ईमेलने सुरू होते. मोठ्या ग्राहकाच्या खरेदी विभागाकडून विचारणा येते: तुमच्याकडे आयएसओ २७००१चे प्रमाणपत्र आहे का, नसेल तर कधीपर्यंत घ्याल? त्याला उत्तर जाण्याआधीच दुसऱ्या ग्राहकाची लांबलचक एक्सेल शीट येऊन पडते. तिच्यातले प्रश्न गव्हर्न, आयडेंटिफाय, प्रोटेक्ट, डिटेक्ट, रिस्पॉन्ड आणि रिकव्हर अशा सहा गटांत मांडलेले असतात. हे गट अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या सायबरसुरक्षा चौकटीचे, म्हणजे सीएसएफचे. मग कंपनीत चर्चा सुरू होते. दोन्ही करायचे का? एक केले की दुसरे आपोआप होते का? आधी कोणते घ्यायचे?

हे पुस्तक या तीन प्रश्नांसाठी लिहिले आहे. दोन्हींची तुलना करणारे तक्ते सहज मिळतात. डावीकडे एकाचे कंट्रोल, उजवीकडे दुसऱ्याचे, मध्ये बाण. असा तक्ता हाताशी असावा, पण त्यावरून प्रकल्प उभा राहत नाही. कारण या दोन चौकटी एकाच प्रकारच्या नाहीत आणि लहान कंपनीची खरी अडचण दोघींच्या बाहेर असते. बॅकअप किती तासांनी घ्यायचा, लॉग किती दिवस ठेवायचे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते किती वेळात बंद करायचे, यातला एकही आकडा आयएसओ २७००१ सांगत नाही आणि सीएसएफही सांगत नाही. आकडा कंपनीनेच ठरवायचा असतो. आपल्याला कशाकशाबद्दल ठरवायचे आहे, हे सीएसएफ समोर मांडते. ते कसे ठरवले, कोणी मान्य केले आणि ठरल्याप्रमाणे चालते आहे का, याचा हिशेब आयएसओ २७००१ मागते. एवढा फरक नीट कळला की बाकीचे काम बरेच सोपे होते, म्हणून या प्रस्तावनेत त्यावरच भर दिला आहे.

दोघींची घडण

आयएसओ २७००१चे मूळ बीएस ७७९९ या ब्रिटिश मानकाच्या दुसऱ्या भागात आहे. आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ते २००५ साली आले, पुढे २०१३ आणि २०२२ मध्ये सुधारले गेले. त्याचे दोन भाग आहेत. कलम ४ ते १० ही व्यवस्थापनाची कलमे आणि प्रमाणपत्र हवे असेल तर त्यातले एकही वगळता येत नाही. कंपनीची परिस्थिती, नेतृत्व, जोखमीचे मूल्यमापन, मनुष्यबळ आणि कागदपत्रे, प्रत्यक्ष कामकाज, तपासणी आणि सुधारणा असा त्यांचा क्रम आहे. त्यानंतर परिशिष्ट अ. २०२२च्या आवृत्तीत या परिशिष्टात ९३ कंट्रोल आहेत: ३७ संघटनात्मक, ८ माणसांविषयीचे, १४ भौतिक आणि ३४ तांत्रिक.

नवख्या कंपनीचा पहिला गैरसमज इथेच होतो. ९३ कंट्रोल दिसले की ती यादी कामाची यादी वाटते आणि एकेकावर टिकमार्क करणे सुरू होते. मानकाची रीत याच्या उलट आहे. आधी स्वतःच्या जोखमी शोधायच्या, त्यांवर काय उपाय हवेत ते ठरवायचे, आणि मग परिशिष्ट उघडून आपल्याकडून काही आवश्यक सुटले नाही ना, हे पडताळायचे. परिशिष्टाचे काम पडताळणीचे आहे. या पडताळणीतून जो दस्तऐवज तयार होतो त्याला 'स्टेटमेंट ऑफ ॲप्लिकेबिलिटी' म्हणतात. कंपन्यांत सगळे त्याला एसओए म्हणतात. प्रत्येक कंट्रोल आपल्याला लागू आहे की नाही, का आहे किंवा का नाही, आणि तो प्रत्यक्षात आणला आहे का, हे त्यात लिहायचे असते. ऑडिटर हा दस्तऐवज समोर ठेवूनच कंपनी तपासतो.

सीएसएफचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. फेब्रुवारी २०१३मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी वीज, पाणी, बँका यांसारख्या अत्यावश्यक यंत्रणांच्या सायबरसुरक्षेसाठी एक आदेश काढला. त्यानुसार निस्टने उद्योगांशी बोलून चौकट तयार केली. पहिली आवृत्ती फेब्रुवारी २०१४मध्ये आली, १.१ ही २०१८मध्ये आणि २.० ही फेब्रुवारी २०२४मध्ये. २.० या आवृत्तीत 'गव्हर्न' हा सहावा गट जोडला गेला आणि चौकट सर्व आकारांच्या, सर्व क्षेत्रांतल्या संस्थांसाठी आहे हे स्पष्ट केले गेले. सहा गटांखाली २२ उपगट आणि त्यांखाली १०६ अपेक्षित परिणाम आहेत. 'बॅकअप तयार केले जातात, सुरक्षित ठेवले जातात, सांभाळले जातात आणि तपासले जातात' हा त्यांपैकी एक. त्याचा क्रमांक PR.DS-11. ते कसे करायचे, हे चौकट सांगत नाही. आज आपण कुठे आहोत आणि कुठे जायचे आहे, हे प्रत्येक परिणामासमोर लिहायचे. पहिल्याला सद्य प्रोफाइल म्हणतात, दुसऱ्याला लक्ष्य प्रोफाइल, आणि दोघांतले अंतर म्हणजे आपल्या कामाची यादी.

आयएसओचे मानक विकत घ्यावे लागते. सीएसएफ निस्टच्या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि लहान उद्योगांसाठी वेगळी, थोडक्यात लिहिलेली मार्गदर्शिकाही तिथे आहे. मात्र सीएसएफचे प्रमाणपत्र निस्ट कोणालाही देत नाही. 'आम्ही निस्ट सर्टिफाइड आहोत' असे एखाद्या विक्रेत्याने लिहिले, तर नेमके काय तपासले आणि कोणी तपासले, हे त्याला जरूर विचारावे.

एक कंपनी आणि तिचा स्कोप

उदाहरणासाठी एक कंपनी मनाशी धरू. पुण्यात बाणेरला ऑफिस, अडतीस माणसे, पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर. ग्राहक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची नावे, बँक खाती, पॅन आणि पगार हा सगळा डेटा एका मोठ्या क्लाउड कंपनीच्या सर्व्हरवर. स्वतःची सर्व्हर रूम नाही. निम्मे लोक आठवड्यातले काही दिवस घरून काम करतात. चाकणच्या एका जर्मन कारखान्याला या कंपनीकडून आयएसओ प्रमाणपत्र हवे आहे. अमेरिकेतल्या एका ग्राहकाची सीएसएफच्या धर्तीवरची प्रश्नावली आली आहे. या पुस्तकात आपण हीच कंपनी शेवटपर्यंत सोबत घेणार आहोत.

पहिला निर्णय स्कोपचा, म्हणजे व्यवस्थेची हद्द कुठपर्यंत हे ठरवण्याचा. इथे काटकसरीचा मोह होतो. ऑडिटचे दिवस मुख्यतः स्कोपमधल्या माणसांच्या संख्येवरून ठरतात, म्हणून कोणी सुचवतो की फक्त आयटी सपोर्टची चार माणसे घेऊ. प्रमाणपत्र स्वस्तात मिळते, पण त्यावर स्कोप छापलेला असतो: 'बाणेर कार्यालयातील अंतर्गत आयटी सेवा'. चाकणच्या खरेदी विभागातला माणूस ती ओळ वाचतो आणि विचारतो, आमचा डेटा ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते यात कुठे आहे? सगळा खर्च तिथे वाया जातो. म्हणून ग्राहकाला ज्याची काळजी आहे, ते स्कोपमध्ये हवेच. आपल्या कंपनीसाठी तो असा होईल: पगारपत्रक सॉफ्टवेअरची निर्मिती, ते चालवणे आणि ग्राहक-सेवा. क्लाउड कंपनीची इमारत आपल्या ताब्यात नाही, पण तिच्यावर टाकलेली जबाबदारी आपल्याच हद्दीत येते. पुरवठादारांविषयीचे आणि क्लाउड सेवांविषयीचे कंट्रोल त्यासाठीच आहेत.

स्कोप ठरला की वगळण्याचा प्रश्न येतो. इथे एक बारीक गोष्ट जवळून पाहू. परिशिष्टात ८.३० हा कंट्रोल बाहेरून करून घेतलेल्या सॉफ्टवेअर निर्मितीविषयी आहे. आपल्या कंपनीने एसओएमध्ये लिहिले: 'लागू नाही, सर्व कोड आमचे कर्मचारी लिहितात.' वाचायला ठीक वाटते. ऑडिटरने मात्र पुरवठादारांची यादी मागवली. त्या यादीत एका फ्रीलान्सरला दर महिन्याला पैसे जात होते, कारण मोबाइल ॲप तो सांभाळत होता. कोड रिपॉझिटरीत त्याचे खाते होते आणि करारात गोपनीयतेचे कलम नव्हते. एका चुकीच्या 'लागू नाही'मुळे पुरवठादार, प्रवेशाधिकार आणि करार अशा तीन ठिकाणी प्रश्न उभे राहिले. अशा वेळी सीएसएफचा उपयोग आधीच होतो. आयडेंटिफाय या गटात पुरवठादारांकडून मिळणाऱ्या सेवांची यादी ठेवावी, असा एक परिणाम आहे. ती यादी प्रामाणिकपणे, लेखा विभागाकडची बिले समोर ठेवून केली असती, तर हा फ्रीलान्सर एसओए लिहिण्यापूर्वीच सापडला असता. यादी स्मरणावर लिहिली की माणसे सुटतात. बिलांवरून केली की सहसा कोणी सुटत नाही.

बॅकअपची एक ओळ दोन्हीकडे

दोन चौकटी एकमेकींना कशा पूरक ठरतात, हे एकाच विषयावर शेवटपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून बॅकअप घेऊ.

आपल्या कंपनीत रोज पहाटे दोन वाजता डेटाबेसचा स्नॅपशॉट निघतो. कोणालाही विचारा, 'बॅकअप आहे' असेच उत्तर मिळेल. प्रश्नावलीत 'हो' आणि एसओएमध्ये 'लागू, अंमलात' एवढे लिहून ही ओळ संपू शकते. बऱ्याच ठिकाणी ती तशीच संपते. सीएसएफचे सद्य प्रोफाइल भरताना मात्र PR.DS-11 या ओळीतले चारही शब्द वेगवेगळे विचारायचे. तयार होतात का? हो, दिवसातून एकदा. सुरक्षित आहेत का? स्नॅपशॉट मूळ डेटाबेसच्याच क्लाउड खात्यात आहेत. त्या खात्याच्या ॲडमिनचा पासवर्ड चोरीला गेला, तर चोर डेटाही पुसेल आणि बॅकअपही. सांभाळले जातात का? तीस दिवस. तपासले जातात का? आजवर एकदाही पूर्ण रिस्टोअर करून पाहिलेले नाही. 'हो' या एका अक्षरामागे एवढे काही दडलेले असते.

यापुढचा प्रश्न आकड्याचा, आणि तो इंजिनिअरला एकट्याने ठरवता येत नाही. महिनाअखेरीला ग्राहकांचे एचआर दिवसभर हजेरी आणि ओव्हरटाइम भरत असतात. संध्याकाळी पाच वाजता डेटाबेस गेला, तर पहाटे दोनपासूनचे पंधरा तासांचे काम जाईल. ते चालेल का? कंपनीचे मालक आणि ग्राहक-सेवेचे प्रमुख बसून ठरवतात: महिनाअखेरीला एका तासापेक्षा जास्त नोंदी गमावता येणार नाहीत आणि सेवा चार तासांत परत सुरू झाली पाहिजे. एक तास आणि चार तास. हे आकडे कोणत्याही मानकात नव्हते. पगाराच्या तारखेवरून, ग्राहकांच्या करारांवरून आणि कंपनीच्या ताकदीवरून ते आले.

मग चाचणी. महिन्याच्या मधल्या, कमी गडबडीच्या दिवशी वेगळ्या जागी सगळे पुन्हा उभे करून पाहिले. डेटाबेस पन्नास मिनिटांत परत आला आणि सगळ्यांना हायसे वाटले. पण पगाराच्या स्लिपा वेगळ्या स्टोरेजमध्ये होत्या आणि त्यांचा बॅकअपच नव्हता. ॲप्लिकेशन चालू करायला लागणाऱ्या काही किल्ल्या एकाच इंजिनिअरला ठाऊक होत्या आणि तो त्या दिवशी रजेवर होता. सगळे जुळून सेवा सुरू व्हायला सात तास लागले. ठरले होते चार.

आता आयएसओ २७००१चे काम सुरू होते. मानकाच्या कलम ६.१.२नुसार ही जोखीम रजिस्टरमध्ये जाते: काय होऊ शकते, किती शक्य आहे, किती नुकसान, आणि या जोखमीचा मालक कोण. मालक म्हणजे निर्णय घेण्याचा अधिकार असलेली व्यक्ती. इथे कंपनीचे मालक स्वतः. कलम ६.१.३नुसार उपाय ठरतात. डेटाबेसच्या व्यवहार-लॉगवरून हव्या त्या क्षणापर्यंत परत जाण्याची सोय चालू करायची. स्लिपांचा बॅकअप सुरू करायचा. दोन्हींची प्रत वेगळ्या क्लाउड खात्यात, ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही पुसता येणार नाही अशा कुलपात ठेवायची. किल्ल्या एका सुरक्षित तिजोरी-सेवेत ठेवून दोघांना प्रवेश द्यायचा. रिस्टोअरच्या पायऱ्या लिहून काढायच्या. प्रत्येक कामासमोर नाव आणि तारीख. एवढे करूनही उरणारी जोखीम, उदाहरणार्थ क्लाउड कंपनीचा संपूर्ण विभागच बंद पडणे, मालक सही करून स्वीकारतात किंवा तिच्यावरही उपाय मागतात. सही महत्त्वाची, कारण उद्या तसे घडले तर ते कोणाला माहीत होते आणि काय ठरले होते, हे स्पष्ट असते.

दुसऱ्या चाचणीत सेवा तीन तास वीस मिनिटांत उभी राहिली. पण डेटाबेस उघडला म्हणजे डेटा बरोबर आहे, असे होत नाही. म्हणून दोन ग्राहकांच्या मागच्या महिन्याच्या पगारपत्रकाची बेरीज परत आलेल्या डेटातून काढून मूळ बेरजेशी रुपयापर्यंत जुळवली. सीएसएफच्या रिकव्हर गटात, बॅकअप वापरण्यापूर्वी त्याची शुद्धता पडताळावी, असा एक स्वतंत्र परिणाम आहे, RC.RP-03. रॅन्समवेअरच्या हल्ल्यात याची गरज कळते: हल्लेखोर कित्येक दिवस आधी आत शिरलेला असेल, तर कालचा बॅकअपही बाधित असू शकतो. आयएसओच्या परिशिष्टात बॅकअपचा कंट्रोल ८.१३ आहे आणि त्यात नियमित चाचणी येते. शिवाय ५.२९ आणि ५.३० हे कंट्रोल संकटकाळात काम चालू ठेवण्याविषयी आहेत. पण परतीच्या वाटेचे टप्पे सीएसएफमध्ये जास्त सुटे करून मांडलेले आहेत. प्रोफाइल भरताना तिथे नजर थांबते.

शेवटी हातात काय उरते? रिस्टोअर-चाचणीची एक नोंद: तारीख, कोणी केली, काय परत आणले, किती वेळ लागला, बेरीज जुळली का, काय अडले, पुढची चाचणी कधी. ही एकच नोंद एसओएच्या ८.१३साठी पुरावा आहे, प्रोफाइलच्या PR.DS-11 आणि RC.RP-03 या ओळींसाठी पुरावा आहे आणि अमेरिकेच्या ग्राहकाच्या प्रश्नावलीलाही उत्तर आहे. दोन चौकटींसाठी दोन फाइली, दोन रजिस्टरे आणि दोन माणसे नेमली की सहा महिन्यांत दोन्हींत वेगवेगळी उत्तरे सापडू लागतात. रजिस्टर एकच ठेवावे आणि त्यात दोन्हींच्या क्रमांकांसाठी दोन स्तंभ करावेत.

तक्त्यातल्या बाणांची मर्यादा आणि कायद्याचा आकडा

दोन चौकटींमधले दुवे दाखवणारे तक्ते निस्ट स्वतःही उपलब्ध करून देते. त्यातला बाण एवढेच सांगतो की या दोन ओळी एकमेकींशी संबंधित आहेत. एक पूर्ण झाली म्हणजे दुसरी झाली, असे तो सांगत नाही. बॅकअपच्या बाबतीत दोन्ही ओळी जवळजवळ एकच आहेत. पण कलम ९.२मधले अंतर्गत ऑडिट घ्या. ठरावीक काळाने, निःपक्षपाती माणसाकडून, लेखी कार्यक्रमानुसार ऑडिट करायचेच, अशी ती अट आहे. सीएसएफच्या गव्हर्न गटात देखरेखीचे परिणाम आहेत, पण हे असे बंधन नाही. म्हणून सीएसएफ नीट राबवलेल्या कंपनीलाही आयएसओच्या ऑडिटपूर्वी व्यवस्थापनाची कलमे जवळपास नव्याने उभी करावी लागतात. उलट बाजूने, प्रमाणपत्र असलेल्या कंपनीला प्रश्नावलीतल्या डिटेक्ट आणि रिकव्हर या गटांची उत्तरे देताना अडखळायला होते, कारण आपल्या एसओएत त्या ओळी दोन-दोन वाक्यांत उरकलेल्या असतात.

आकड्याचा आणखी एक उगम कायदा. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. आपल्या कंपनीने खर्च वाचवण्यासाठी लॉग तीस दिवसांवर ठेवले होते. जोखमीचा विचार करून तीस दिवस ठरवले, तर दोन्ही चौकटींच्या भाषेत ते एक ठरवलेले उत्तर होते. कायद्यापुढे ते चुकीचे आहे. दोन्हींत कायद्यासाठी दार ठेवलेले आहे: आयएसओत कंट्रोल ५.३१, सीएसएफमध्ये GV.OC-03. पण त्या दारातून सर्ट-इनचा आकडा आत आणण्याचे काम कोणीतरी करावे लागते. अमेरिकी किंवा युरोपीय नमुना-कागदपत्रे जशीच्या तशी उचलणाऱ्या कंपन्यांत नेमका हाच आकडा राहून जातो. 'घटना ७२ तासांत कळवू' असे धोरणात लिहिलेले दिसले, तर ते परदेशातल्या साच्यातून आलेले आहे का, हे आधी पाहावे.

भारतातल्या कंपन्यांसाठी आयएसओ २७००१ला आणखी एक कायदेशीर संदर्भ आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११च्या नियमांनी संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळताना वाजवी सुरक्षा म्हणजे काय, हे सांगताना या मानकाचे नाव एक उदाहरण म्हणून घेतले. बँक खात्यांचा तपशील त्या नियमांतल्या संवेदनशील माहितीत मोडतो. पगारपत्रकाचे काम करणाऱ्या कंपनीने हे जाणून असावे. चाकणचा ग्राहक प्रमाणपत्र मागतो, त्यामागे जर्मनीतल्या मुख्यालयाचा आग्रह असू शकतो, पण इथल्या नियमांतही त्या मानकाला स्थान मिळालेले आहे.

तपासणारा कोण?

सीएसएफमध्ये कंपनी स्वतःच स्वतःला मापते. चौकटीत चार टियर आहेत, अंशतः ते परिस्थितीनुरूप बदलणारे. जोखीम हाताळण्याची आपली पद्धत किती पक्की आहे, हे त्यांवरून सांगता येते. लहान कंपनीने सगळीकडे वरच्या टियरची हाव धरू नये. पगाराच्या डेटाच्या बाबतीत तिसरी पायरी आणि ऑफिसच्या प्रिंटरच्या बाबतीत पहिली, असा निर्णय घ्यायला काहीच हरकत नाही. धोका असतो तो पुराव्याशिवाय स्वतःला गुण देण्याचा. प्रोफाइलच्या प्रत्येक 'आहे'समोर नोंद, तारीख आणि नाव नसेल, तर ते 'आहे' धरू नये.

आयएसओत तपासणारा बाहेरचा असतो आणि पहिले ऑडिट दोन टप्प्यांत होते. पहिल्यात कागदपत्रे आणि तयारी, दुसऱ्यात प्रत्यक्ष अंमलबजावणी. दुसऱ्या टप्प्यापूर्वी एक अंतर्गत ऑडिट आणि एक व्यवस्थापन आढावा झालेला असावा लागतो. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. मधल्या काळात दरवर्षी देखरेख-ऑडिट. अडतीस माणसांच्या कंपनीत खरी अडचण अंतर्गत ऑडिटची येते. सगळी व्यवस्था एकाच माणसाने उभारलेली असते आणि स्वतःचे काम त्याने स्वतःच तपासून चालत नाही. दोन मार्ग व्यवहार्य ठरतात: ग्राहक-सेवेतल्या जाणत्या व्यक्तीला प्रशिक्षण देऊन आयटीचे ऑडिट करायला लावायचे, किंवा बाहेरचा ऑडिटर काही दिवसांसाठी बोलवायचा.

प्रमाणपत्र देणारी संस्था निवडतानाही सावध राहावे. तिला मान्यता कोणाची आहे, हे पाहावे. भारतात एनएबीसीबी हे मान्यता मंडळ आहे, ब्रिटनमध्ये यूकेएएस. आणि जी संस्था 'कागदपत्रेही आम्हीच करून देऊ आणि प्रमाणपत्रही आम्हीच देऊ' म्हणते, तिच्याकडे जाऊ नये. सल्ला देणाऱ्याने त्याच ग्राहकाला प्रमाणित करणे निःपक्षपातीपणाच्या नियमात बसत नाही आणि चोखंदळ ग्राहक असे प्रमाणपत्र नाकारतो.

कामाचा क्रम

या सगळ्यातून पुस्तकाचा क्रम ठरला आहे. पहिल्या दोन प्रकरणांत स्कोप आणि याद्या: माणसे, यंत्रे, सॉफ्टवेअर, पुरवठादार, कायदे आणि करार. तिसऱ्यात सीएसएफचे सद्य प्रोफाइल, पण सगळ्या १०६ ओळी एका दमात नाहीत. आधी ज्यांनी पगाराच्या डेटाला थेट धक्का लागतो त्या. चौथ्यात जोखमीचे रजिस्टर आणि आकडे ठरवण्याच्या बैठका. पाचव्यात उपाय आणि चाचण्या. एसओए सहाव्या प्रकरणात येतो आणि त्याला मुद्दाम उशीर केला आहे, कारण तो आधी लिहिला की नंतरचे सगळे काम त्याला जुळवून घेण्यात जाते. शेवटच्या प्रकरणांत अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापन आढावा आणि बाहेरच्या ऑडिटची तयारी.

तुमच्याकडे प्रमाणपत्र मागणारा ग्राहक नसेल, तर पाचव्या प्रकरणापर्यंत येऊन थांबा आणि मग अंतर्गत ऑडिटचे प्रकरण तेवढे वाचा. प्रमाणपत्राचा खर्च दर वर्षी येतो आणि तो कोणीतरी मागितल्यावरच करावा. पण रजिस्टर, ठरवलेले आकडे आणि चाचण्यांच्या नोंदी तोपर्यंत तयार असतील, तर ज्या दिवशी मागणी येईल त्या दिवशी उरलेले काम मुख्यतः व्यवस्थापनाच्या कलमांचे असेल. आणि मागणी आलेलीच असेल, तर ऑडिटची तारीख ठरवण्याआधी एक रिस्टोअर-चाचणी करा. तिला किती वेळ लागला, हा तुमच्या रजिस्टरमधला पहिला खरा आकडा असेल.